प्रात्यक्षिकाआधीचं पत्र

२४ मे

दुकान बंद केल्यावर मागच्या खोलीत बसून शेतकरी उत्पादक कंपन्यांना पाठवायच्या ई-मेलला हात घातला. औसा आणि निलंगा तालुक्यांतल्या काही कंपन्यांनी बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी पेरणी यंत्राचं प्रात्यक्षिक मागितलं आहे. फोनवर सगळ्यांना सांगून झालं असतं, पण फोनवर बोललेलं संचालक मंडळापर्यंत पोचत नाही. मी सीईओला सांगतो, सीईओ चेअरमनला सांगतो, आणि आम्ही गावात पोचतो तेव्हा ट्रॅक्टर ऊस वाहायला गेलेला असतो किंवा रान अजून चिखलात असतं. लेखी असलं की ते छापून बैठकीत ठेवता येतं, ठरावाला जोडता येतं. शेतकरी कंपनीत निर्णय एकट्याचा नसतो, म्हणून पत्र सगळ्यांना वाचता येईल असं हवं.

गेल्या वर्षी एका गावात झालेलं प्रात्यक्षिक डोळ्यांपुढून जात नाही. विक्रेता दुसरा होता. रोटाव्हेटर मारून पिठासारखं केलेलं रान, विक्रेत्याचाच ट्रॅक्टर, त्याचाच तयार माणूस. अर्ध्या तासात दोरी लावल्यासारखे वरंबे पडले, फोटो निघाले, यंत्रं विकली गेली. मृगात तीच यंत्रं गावातल्या ट्रॅक्टरांना जोडली, तेव्हा बियाण्याची नुसती डाळ होऊन पडायला लागली. पेटीतल्या चकत्या दाण्याच्या मापाच्या बदलायच्या असतात, हे त्या दिवशी कुणी सांगितलंच नव्हतं. ऐन वापशात पेरणी थांबवून लोकांनी तिफण काढली. त्यातलं एक यंत्र अजून गोठ्याच्या कडेला उभं आहे.

म्हणून पत्राचं पहिलंच वाक्य असं लिहिलं: ‘या भेटीत ट्रॅक्टर तुमचा, ड्रायव्हर तुमचा, बियाणं तुमचं आणि रान सर्वसाधारण सभासदाचं असेल. आमचं फक्त यंत्र आणि एक मेस्त्री.’

२७ मे

ट्रॅक्टर तुमचा असं लिहिलं खरं, पण कुठलाही ट्रॅक्टर चालत नाही, आणि ते आधीच कळायला हवं. हे चार ओळींचं यंत्र आहे, दोन्ही बाजूंना सरी पाडणारे फाळ. त्याला पस्तीस-चाळीस अश्वशक्तीच्या पुढचा ट्रॅक्टर लागतो. अश्वशक्ती सगळे विचारतात. टायरमधलं अंतर मात्र कुणी विचारत नाही, आणि खरी गोची तिथे होते.

एका सरीच्या मध्यापासून दुसऱ्या सरीच्या मध्यापर्यंत दीड मीटर. त्यात वरंब्याचा माथा १२० सेंटिमीटर, सरी ३० सेंटिमीटर. वरंब्यावर चार ओळी, दोन ओळींत ३० सेंटिमीटर. ट्रॅक्टरची मागची चाकं जिथे सरी पडणार तिथूनच चालायला हवीत. दोन टायरांच्या मध्यांतलं अंतर १३५ सेंटिमीटर असलं, तर प्रत्येक टायर साडेसात सेंटिमीटर आत सरकतो, त्याचा आतला काठ कडेच्या ओळीला जवळजवळ भिडतो. ओलसर काळ्या रानात टायरखालची माती घट्ट दबते आणि कडेच्या दोन ओळींची उगवण मधल्या दोन ओळींपेक्षा मागे पडते. मग लोक म्हणतात, यंत्रच खराब. मागच्या चाकांची तबकडी उलटी करून बसवली की अंतर वाढतं. काम तासाभराचं आहे, पण ते पेरणीच्या दिवशी सकाळी निघालं तर वापसा हातचा जातो.

हे पत्रात असं उतरवलं: ‘ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून कळवा. दीड मीटरपेक्षा कमी असेल तर आमचा मेस्त्री दोन दिवस आधी येऊन चाकं बदलून देईल. ट्रॅक्टरचा पुढून फोटो नको, मागून पाठवा.’

दीड मीटर हे माप काही आमच्या मनाचं नाही. हैदराबादजवळच्या पटनचेरूला इक्रिसॅट ही संस्था १९७२ साली सुरू झाली, आणि काळ्या भारी जमिनीत पावसाचं पाणी साचून पीक पिवळं पडतं यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याच दशकात काम केलं. त्या वेळी ही अवजारं बैलांनी ओढायची होती. वरंबा आणि सरी मिळून दीड मीटर हे माप तिथूनच चालत आलं. जास्तीचा पाऊस सरीतून निघून जातो, आणि उघडीप पडली की सरीत मुरलेली ओल वरंब्याला कामी येते. आमच्याकडे जुलैत मुळं कुजतात आणि ऑगस्टमध्ये माना टाकतात, एकाच शेतात, एकाच हंगामात. या यंत्रावर माझा विश्वास आहे तो त्यासाठी. सरी नीट पडली नाही तर हे यंत्र आणि साधं पेरणी यंत्र यांत फरक उरत नाही.

३० मे

आज बियाण्याचा परिच्छेद लिहिला आणि दोनदा खोडला. पहिल्या खेपेला तो कृषी विद्यापीठाच्या पत्रकासारखा झाला होता. सोयाबीन बहुतेकांचं घरचं असतं. त्याचं साल नाजूक. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले असतील, पोती उंचावरून टाकली असतील, थप्पी सात-आठ पोत्यांची लावली असेल, तर दाणा वरून चांगला दिसतो आणि उगवत नाही. असं बी आमच्या यंत्रातून पेरलं आणि उगवलं नाही तर दोष यंत्राला लागणार. आणि त्या सभासदाचं नुकसान होणार ते वेगळंच.

शेवटी एवढंच ठेवलं: ‘ज्या पोत्यातलं बी पेरणार त्यातले सरसकट शंभर दाणे, निवडून नव्हे, ओल्या गोणपाटावर मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, गोणपाट वाळू देऊ नका. सहा-सात दिवसांनी चांगला कोंब आलेले दाणे मोजा. असे तीन गोणपाट करा आणि सरासरी काढा. सत्तरच्या खाली आकडा आला तर कळवा. सत्तरच्या खालच्या प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो बी वाढवायचं असतं. साठच्याही खाली असेल तर ते बी प्रात्यक्षिकाला आणि पेरणीला, दोन्हीला नको.’

त्याखाली एक ओळ घातली: त्याच पोत्यातलं दोन किलो बी आमच्याकडे आधी पाठवा. चकती निवडायला तेच बी लागतं. दाणा टपोरा असला आणि चकतीची खाच लहान असली की दाणा खाचेत अर्धा बसतो, अर्धा बाहेर राहतो आणि ब्रशखाली जाताना चिरडतो. खाच मोठी असली तर दोन-दोन दाणे एकत्र पडतात. दुकानात बसून ‘सोयाबीनची चकती’ दिली असं म्हणता येत नाही, कारण दाण्याचं माप वाणागणिक आणि शेतागणिक वेगळं असतं.

२ जून

आज ई-मेल पाठवला. विषय असा लिहिला: ‘बीबीएफ पेरणी यंत्र: प्रात्यक्षिकाच्या दोन भेटी, तुमची तयारी आणि आमची जबाबदारी’. पीडीएफ जोडली नाही. सगळे फोनवर वाचतात, आणि जोडलेलं उघडत नाहीत.

दोन भेटी हा शब्द मुद्दाम विषयातच घातला. पेरणीच्या दिवशी वरंबे सुरेखच दिसतात, त्या दिवशी काहीच कळत नाही. कळतं ते बाराव्या-तेराव्या दिवशी, रोपं मोजल्यावर. म्हणून पत्रात लिहिलं: ‘पहिल्या भेटीत पेरणी होईल. त्या दिवशी आम्ही कोटेशन देणार नाही आणि तुम्हीही ठराव करू नका. दुसऱ्या भेटीत आपण दोघं मिळून रोपं मोजू. तुलनेसाठी त्याच रानात, त्याच दिवशी, त्याच पोत्यातलं बी तुमच्या नेहमीच्या पेरणी यंत्राने शेजारच्या पट्ट्यात पेरा. पट्टे एकाआड एक ठेवा, नाहीतर रानाचा चांगला भाग एकाच्याच वाट्याला येतो. कोपऱ्यांवर खुंट्या ठोका.’

तारखेचा भाग अवघड गेला. लोकांना तारीख हवी असते, आणि पेरणी यंत्राला तारीख देता येत नाही. लिहिलं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आल्यावरच आम्ही येऊ, आणि ज्या कंपनीच्या गावात वापसा आधी येईल तिथे आधी. मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा गावाला लागू होतोच असं नाही, म्हणून रानात खोरं मारून बघायला सांगितलं. वीतभर खोल ओल हवी. मुठीत माती दाबली की लाडू व्हावा आणि बोट लावल्यावर तो फुटावा. चिकटला तर अजून थांबा. चिकट रानात फणांना माती धरते, नळीची तोंडं बुजतात, आणि सरीच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत होऊन पुढे वाळल्यावर भेगाळतात.

जबाबदारीचा परिच्छेद लिहिताना धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, हे लिहून देऊ नकोस, अंगाशी येईल.” तरी लिहिला. प्रात्यक्षिकाचा पट्टा अर्ध्या एकराचा, त्याला ११ किलो बी लागतं. यंत्राच्या किंवा आमच्या जोडणीच्या दोषाने पट्टा उगवला नाही, तर तेवढं बी आणि दुबार पेरणीचं भाडं आमच्याकडे. पेरणीनंतर धो धो पाऊस येऊन माती दबली आणि उगवण बसली, तर ते आमच्याकडे नाही. पण ते शेजारच्या पट्ट्यातही दिसेल, म्हणूनही शेजारचा पट्टा लागतो. सभासद आपलं रान आम्हाला वापरायला देतो, तेव्हा त्याने हे आधी वाचलेलं असावं.

शेवटी अनुदानाचं. यंत्र आवडलं म्हणून कुणी आधी घेऊन टाकू नये. महाडीबीटीवर अर्ज, निवड, पूर्वसंमती आणि मग खरेदी, हा क्रम आहे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. यंत्राचा तपासणी अहवाल आणि कोटेशन मागाल तेव्हा देऊ, हेही लिहिलं.

५ जून

उत्तरं येऊ लागली. एका कंपनीच्या सीईओ ताईंनी टायरचं अंतर, शंभर दाण्यांचा निकाल आणि रानाचा गट क्रमांक एवढं सगळं एका मेलमध्ये पाठवलं. गोणपाटाचे आकडे ७९, ७६ आणि ८१. टायरचं अंतर १३८. मेस्त्रीला उद्याच पाठवतो.

दुसऱ्या एका कंपनीच्या ज्येष्ठ संचालकांचा फोन आला. पत्र त्यांच्या नातवाने वाचून दाखवलं होतं. “काय हो मालक, तुमच्या चार ओळी एक-एक फुटावर. माझं कोळपं दीड फुटाचं. आंतरमशागत कशी करायची?” प्रश्न रास्त आहे आणि तो पत्रात यायलाच हवा होता. तीस सेंटिमीटरच्या ओळीत नेहमीचं कोळपं बसत नाही. लहान पासेचं कोळपं करून घ्यावं लागतं किंवा तणनाशकावर अवलंबून राहावं लागतं. दुसरा मार्ग म्हणजे त्याच वरंब्यावर चारऐवजी तीन ओळी, ४५ सेंटिमीटरवर. कडेच्या दोन ओळी होत्या तिथेच राहतात, मधले दोन फण काढून एक फण मध्यावर आणायचा आणि चौथी नळी बंद करायची. ओळी कमी झाल्या म्हणून प्रत्येक ओळीत बी जास्त सोडावं लागतं, म्हणजे गिअर बदलायचा. काकांना हे समजावून सांगितलं, आणि सगळ्या कंपन्यांना दोन ओळींचा पुरवणी मेल पाठवला की तीन ओळींची जोडणीही त्याच दिवशी करून दाखवू, कोळपं कुणाचं कसं आहे ते सांगा.

११ जून

परवाच्या आणि कालच्या पावसाने रानं भिजली. ताईंच्या गावी वापसा दोन दिवसांत येईल असं दिसतंय, म्हणून आज यंत्र त्यांच्या गोदामाच्या पटांगणात नेलं. पेरणीच्या आधी पटांगणातली ही मोजणी, हा प्रात्यक्षिकाचा सगळ्यात महत्त्वाचा तास आहे, आणि पत्रात तो स्वतंत्र लिहिला होता. म्हणून ड्रायव्हरसुद्धा हजर होता.

यंत्राला पीटीओ लागत नाही. जमिनीवर फिरणारं एक चाक चेनने चकत्या फिरवतं. म्हणून आधी त्या चाकाचा घेर मोजायचा. दोरी गुंडाळून मोजला, दीड मीटर आला. यंत्र जॅकवर उचललं, पेटीत त्यांचंच बी टाकलं, चारही नळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि चाकावर खडूची खूण करून हाताने वीस फेरे फिरवले, सावकाश, ट्रॅक्टरच्या चालीने. वीस फेरे म्हणजे तीस मीटर. यंत्राची रुंदी दीड मीटर, म्हणजे ४५ चौरस मीटर. एकर ४,०४७ चौरस मीटरचा. एकरी २२ किलो बी पाडायचं असेल तर ४५ चौरस मीटरला २४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका पिशवीत साधारण ६१ ग्रॅम.

किराणा दुकानातून आणलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पहिल्या वेळी चारही पिशव्या ६८ ग्रॅमच्या जवळपास भरल्या, एकूण २७२. याचा अर्थ एकरी साडेचोवीस किलो. चारही सारख्याच जास्त असल्या की दोष गिअरचा. पेटीकडचा अठरा दात्यांचा गिअर काढून वीस दात्यांचा बसवला, चकती हळू फिरू लागली, आणि आकडे ६२, ६१, ६०, ६१ असे आले.

ड्रायव्हर म्हणाला, “झालं की मग.” ताईंनी मात्र तिसरी पिशवी कागदावर ओतली. त्यात बरीच डाळ होती. वजन बरोबर होतं, पण वजनात डाळही येते. बाकी तीन पिशव्यांत तुटलेला दाणा क्वचित. चकती काढून बघितली तर तिची एक खाच ओतकामात अर्धवट राहिली होती, तिच्या कडेला नखाला लागेल असा टोकदार उंचवटा. दर फेऱ्याला तिथे एक-दोन दाणे चिरडत होते. नवी चकती बसवली, पुन्हा वीस फेरे, पुन्हा पिशव्या ओतून बघितल्या. आता चारही स्वच्छ. पिशव्यांचं वजन करून थांबायचं नाही, ओतून बघायचं, हे माझ्या मेस्त्रीने तिथल्या तिथे ड्रायव्हरकडून पुन्हा करून घेतलं.

१४ जून

आज पेरणी झाली. रान चेअरमनच्या चुलतभावाचं, ना भारी ना हलकं, मागच्या हंगामाची तुरीची धसकटं अजून काही ठिकाणी होती. असंच रान हवं होतं.

ड्रायव्हरने पहिल्या वळणावरच उभ्या ट्रॅक्टरवर यंत्र जमिनीला टेकवलं. मेस्त्री ओरडला, पण तोवर टेकलं होतं. फण मातीत रुतले की नळीच्या खालच्या तोंडात माती शिरते. वरून पेटीत बी आहे, चकती फिरते आहे, सगळं सुरळीत दिसतं आणि ओळीत काहीच पडत नाही. मागे चालणाऱ्या माणसाने नळी हाताने दाबून बघितली तरच कळतं. ट्रॅक्टर चालू झाल्यावर फूट-दोन फुटांत यंत्र टेकवायचं, आणि खाली असताना कधीच मागे घ्यायचं नाही. दुसऱ्या नळीचं तोंड बुजलं होतं. ते काढलं आणि त्या जागी खुंटी ठोकली, म्हणजे मोजणीच्या दिवशी तो तुकडा ओळखता येईल.

खोलीचीही थोडी ओढाताण झाली. ड्रायव्हरने सवयीने हायड्रॉलिक ड्राफ्टच्या दांड्यावर ठेवलं होतं. नांगराला ते ठीक, कारण जमीन कडक लागली की अवजार आपोआप थोडं वर येतं. पेरणीत तसं झालं की बी कुठे दोन सेंटिमीटरवर आणि कुठे सहावर. दांडा पोझिशनवर आणला, टॉप लिंक दोन आटे फिरवली, आणि शंभर पावलांवर थांबून हाताने माती उकरून बी कुठे आहे ते पट्टीने बघितलं. साडेतीन, चार, साडेतीन. सोयाबीन चार सेंटिमीटरच्या फार खाली जाऊ नये. वरची माती दबली की कोंबाला ती फोडता येत नाही.

मग रानात चाकाची परीक्षा. पटांगणात वीस फेरे म्हणजे तीस मीटर, पण रानात चाक घसरतं. खडूची खूण बघत वीस फेरे मोजले आणि टेप टाकला. साडेएकतीस मीटर. म्हणजे एकरी किलोभर बी कमी पडत होतं. चाकाच्या दात्यांत माती भरली होती. ती खरवडली, चाकावरची स्प्रिंग एक आटा घट्ट केली, पुढच्या वेळी साडेतीस आले. तेवढं चालतं.

वेग ताशी चार किलोमीटर ठेवला. त्यापुढे चकतीच्या खाचा भरायला वेळ मिळत नाही. डिझेलची टाकी आधी काठोकाठ भरली होती. काम झाल्यावर पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर लागलं ते ताईंनी त्यांच्या वहीत लिहून घेतलं. आकडा त्यांच्या ट्रॅक्टरचा, त्यांच्या वहीत. भाडं ठरवताना माझ्या माहितीपत्रकातला आकडा त्यांना लागणार नाही.

कुणी कोटेशन मागितलं नाही. पत्रात लिहिलं होतं तसंच झालं, आणि चहा पिऊन आम्ही निघालो.

२७ जून

मोजणीची भेट. मध्ये दोन दिवस चांगला पाऊस पडून गेला होता. आमच्या पट्ट्यात सरीतून पाणी बांधापर्यंत गेल्याची खूण स्पष्ट होती. शेजारच्या पट्ट्यात खोलगट जागी माती अजून काळी-ओली आणि तिथली रोपं फिकी.

मीटरभराची काठी ओळीला लावून प्रत्येक पट्ट्यात पाच ठिकाणी मोजलं. जागा ताईंनी निवडल्या, मी नाही. आमच्या पट्ट्यात मीटरला सरासरी १४ रोपं. नेहमीच्या यंत्राच्या पट्ट्यात, ४५ सेंटिमीटरच्या ओळीत, मीटरला १८. चेअरमन म्हणाले, “हे तर तुमचं कमी निघालं.” ओळी जवळ असल्या की मीटरमागचा आकडा कमीच दिसतो, तुलना क्षेत्रावर करावी लागते. आमच्या दीड मीटरमध्ये चार ओळी, म्हणून चौरस मीटरला साधारण ३७ रोपं. त्यांच्या पट्ट्यात ४०. तिथे एकरी ३० किलो बी पडलं होतं, इथे २२. म्हणजे आठ किलो बी कमी पडूनही चौरस मीटरला तीन रोपांचाच फरक. त्यांच्या पट्ट्यात कुठे वीतभर मोकळं आणि कुठे झुबका. झुबक्यातली रोपं उपटून बघितली तर काहींची दांडी खोल मातीतून वर येताना वाकडी झालेली.

दोन्ही पट्टे मात्र शिफारशीच्या खाली आहेत. ४५ बाय ५ सेंटिमीटरच्या हिशेबाने चौरस मीटरला ४४ रोपं हवीत. तेही तिथेच सांगितलं. शंभरात ७८-७९ उगवणारं घरचं बी असेल, तर माझ्या मते या रानात २२ ऐवजी २४ किलोवर जायला हरकत नाही, त्यासाठी गिअर परत अठरा दात्यांचा. जिथे खुंटी ठोकली होती तिथे दुसऱ्या ओळीत आठ-एक मीटर मोकळे. सगळे तिथे जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर काही बोलला नाही, पण पुढच्या गावात यंत्र टेकवताना तोच दुसऱ्याला सांगत होता म्हणे.

२८ जून

सगळ्या कंपन्यांना दुसरा मेल गेला. त्यात मोजणीचे आकडे जसेच्या तसे घातले, मोकळ्या आठ मीटरांसह. ज्यांच्याकडे अजून भेट झालेली नाही, त्यांच्यासाठी पिशव्या ओतून बघण्याचं आणि चालत्या ट्रॅक्टरवर यंत्र टेकवण्याचं, असे दोन परिच्छेद वाढवले.

भाड्याने यंत्र चालवायचा विचार तीन कंपन्यांच्या मनात आहे. त्यांना हिशेब लिहून दिला. दीड मीटर रुंदी, ताशी चार किलोमीटर, वळणं आणि बी-खत भरण्यात जाणारा वेळ धरला तर तासाला साधारण एक एकर. दिवसाला सात-आठ एकर. मृगात वापसा एका वेळी चार-पाच दिवस टिकतो, मग पुन्हा पाऊस. म्हणजे एका वापशात एका यंत्रावर तीस-पस्तीस एकर. तीनशे सभासदांच्या कंपनीने एक यंत्र घेतलं, तर पहिल्या वर्षी कुणाला द्यायचं यावरून भांडणं होणार. म्हणून नंबर गावनिहाय आधी लावा, आणि पाणी साचणाऱ्या रानांना पहिलं स्थान द्या, कारण यंत्राचा फायदा तिथेच जास्त आहे. हलक्या, निचऱ्याच्या रानात साधं पेरणी यंत्र चालतं. त्या सभासदांनी याचं भाडं भरायची गरज नाही.

ताईंचं उत्तर तासाभरात आलं. मंडळाची बैठक जुलैत आहे. पूर्वसंमतीचा अर्ज भरून ठेवतील, खरेदीचा ठराव मात्र दोन्ही पट्ट्यांचं सोयाबीन वेगवेगळं मळून वजन झाल्यावर. मलाही तेच हवं होतं. शेवटी त्यांनी विचारलंय की रब्बीत हरभरा याच यंत्राने पेरायचा तर चकत्या कोणत्या. त्यांच्याकडच्या हरभऱ्याचं दोन किलो बी मागवलं आहे.